चोरीला गेलेल्या दुचाकीचा दावा ‘अ समरी’साठी अडवू नका

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

माहितीसाठी प्रत: मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: पोलिसांचा अनट्रेस रिपोर्ट प्रलंबित असताना दुचाकी चोरीच्या विमा दाव्याची प्रक्रिया पूर्ण करण्याबाबत

माननीय महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, कारखान्याच्या फाटकाबाहेरून रात्रपाळीत चोरीला गेली. सकाळी पाळी सुटल्यावर गाडी जागेवर नव्हती. त्याच दिवशी त्याने पोलीस ठाण्यात फिर्याद दिली, विमा कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर कळवून दाव्याचा क्रमांक घेतला आणि आरटीओला चोरीचे पत्र दिले. दोन्ही मूळ चाव्या, आरसी, पॉलिसी, लायसन्स, एफआयआरची प्रत आणि दाव्याचा अर्ज असे सगळे कागद कंपनीकडे जमा आहेत. कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर येऊन गेला, त्याने भावाचा आणि शेजारी गाडी लावणाऱ्या दोघांचा जबाब घेतला. त्यानंतर मात्र दर वेळी एकच उत्तर मिळते: “पोलिसांचा अनट्रेस रिपोर्ट आणा, मग फाइल पुढे जाईल.”

तो रिपोर्ट भावाच्या हातात नाही, आणि तो कधी येईल हे पोलीस ठाण्यातही कोणी सांगू शकत नाही. एफआयआर असेल, पण अंतिम अहवाल बाकी असेल, तर दाव्याची तपासणी आणि निर्णय थांबता कामा नये, एवढीच माझी मागणी आहे. मी स्वतः अनेक वर्षे वाहन विम्याच्या एका सर्व्हेअरच्या कार्यालयात फाइली सांभाळल्या आहेत. त्यामुळे कंपनीला हा कागद का हवा असतो हे मला माहीत आहे, आणि तो नसताना काय करता येते हेही.

ज्याला विमा कंपन्या अनट्रेस रिपोर्ट किंवा नॉन-ट्रेसेबल सर्टिफिकेट म्हणतात, त्याला महाराष्ट्रात ‘अ समरी’ म्हणतात. गुन्हा खरा आहे, पण आरोपी आणि माल मिळून आला नाही, असा तपासाचा शेवट. फिर्याद जाणूनबुजून खोटी दिली असेल तर ‘ब समरी’, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आली असेल तर ‘क समरी’. हा अहवाल तपासी अंमलदार तयार करतो, तो वरिष्ठांच्या मंजुरीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. न्यायालय फिर्यादीला नोटीस काढते, त्याची हरकत आहे का ते विचारते आणि मग समरी मंजूर करते. त्यानंतर नकलेचा अर्ज करून प्रमाणित प्रत घ्यायची.

यातला प्रत्येक टप्पा योग्य कारणासाठी आहे. पोलिसांनी गुन्हा परस्पर बंद करू नये म्हणूनच फिर्यादीला नोटीस काढण्याची पद्धत आहे, आणि ती मोडावी असे मी म्हणत नाही. पण ही सगळी व्यवस्था फौजदारी तपास बंद करण्यासाठी आहे, विम्याचे पैसे देण्यासाठी ती कोणी आखलेली नाही. तपासी अंमलदाराकडे मारामारी, अपघात, बंदोबस्त असे सगळे असते. एका दुचाकीची समरी पाठवणे त्याच्या कामांच्या यादीत शेवटी येते, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. उलट, गाडी अजून मिळेल या आशेने तो तपास उघडा ठेवत असेल, तर तो त्याचे काम नीट करतो आहे. सध्याच्या पद्धतीत मात्र तपास जितका चिकाटीने चालू राहील, तितका गाडी गमावलेला माणूस जास्त अडकतो.

आता कंपनीच्या बाजूने पाहू. अ समरीतून तिला दोन गोष्टींची खात्री हवी असते. गाडी परत मिळणार नाही, ही पहिली. चोरी खरोखर झाली आहे, ही दुसरी.

पहिली खात्री अ समरी देतच नाही. समरी मंजूर झाल्यावरही गाडी सापडू शकते. दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेल्या चोराकडे सहा महिन्यांनी, वर्षाने चासी क्रमांकावरून जुनी गाडी ओळखली जाते आणि बंद झालेला तपास पुन्हा उघडतो. म्हणजे समरीच्या आदल्या दिवशी कंपनीला जो धोका असतो, तोच दुसऱ्या दिवशीही असतो. त्या धोक्यासाठी कंपनीकडे वेगळे कागद आहेतच. दावा देताना ती विमाधारकाकडून गाडीवरचे हक्क कंपनीकडे सोपवणारे सब्रोगेशनचे पत्र घेते, स्टँप पेपरवर हमीपत्र घेते, आरसी हस्तांतराचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म सही करून घेते, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र घेते. पैसे दिल्यानंतर गाडी सापडली, तर ती या कागदांच्या बळावर न्यायालयातून मुद्देमाल सोडवून घेते आणि विकते. वाहनांचा मुद्देमाल ठाण्याच्या आवारात सडू नये, विमा उतरवलेली वाहने कंपनीला ताब्यात घेता यावीत, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच दिशा दिली आहे.

दुसरी शंका खरी आहे, आणि तिला मी कमी लेखत नाही. गाडी परस्पर विकून चोरीची फिर्याद देणारे लोक असतात. अशा फाइली मी हाताळल्या आहेत. पण त्या खोट्या आहेत हे कशावरून उघड झाले, ते सांगते. रोज वापरली म्हणून दिलेल्या चावीवर झिजेची एकही खूण नसते, किंवा दोन चाव्यांपैकी एक बाजारातून कापून आणलेली असते. चोरीच्या तारखेनंतर त्याच क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यात ई-चलान फाटलेले असते. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत गाडी चोरीनंतरच्या तारखेला आलेली दिसते. चोरीच्या आधीचे काही हप्ते थकलेले असतात आणि पॉलिसी नुकतीच काढलेली असते. फिर्याद द्यायला काही दिवस लागलेले असतात आणि त्याचे कारण प्रत्येक जबाबात बदलते. हे सगळे इन्व्हेस्टिगेटर दोन-तीन आठवड्यांत शोधतो. चांगला असेल तर त्याआधीच शोधतो. यातली एकही गोष्ट अ समरीच्या कागदात नसते. ‘तपास करूनही आरोपी व मालाचा शोध लागला नाही’ या अर्थाच्या चार ओळींतून लबाडी पकडली गेल्याचे मला तरी आठवत नाही.

शंका असेल तर कंपनीने ती लेखी मांडावी: अमुक चलान दिसते, अमुक चावी जुळत नाही, खुलासा करा. शंका नसेल तर फाइल धरून ठेवण्याला काय आधार उरतो?

पॉलिसीच्या अटींत तरी तो आधार मला सापडत नाही. दुचाकीच्या प्रमाण पॅकेज पॉलिसीतली पहिलीच अट चोरीबद्दल सांगते की विमाधारकाने पोलिसांना तत्काळ कळवावे आणि गुन्हेगाराला शिक्षा होण्यासाठी कंपनीला सहकार्य करावे. कळवणे त्याच्या हातात आहे, म्हणून ती अट न्याय्य आहे. तपास संपवून दाखवावा असे त्या अटीत म्हटलेले नाही, आणि म्हणता येणारही नाही.

महोदय, इथे प्रश्न आपल्या प्राधिकरणाच्या दाराशी येतो. सर्वसाधारण विम्याबद्दल ११ जून २०२४ रोजी आपण काढलेल्या मास्टर सर्क्युलरमध्ये स्पष्ट म्हटले आहे की कागदपत्रांअभावी कोणताही दावा नाकारू नये आणि दाव्यासाठी फक्त आवश्यक आणि संबंधित कागदच मागावेत. ते वाचून आमच्यासारख्यांना फार दिलासा वाटला होता. पण त्याच परिच्छेदात अशा कागदांची उदाहरणे देताना एफआयआरच्या शेजारी अनट्रेस रिपोर्टही लिहिलेला आहे, पुढे ‘जिथे लागू असेल तिथे’ एवढीच मर्यादा घालून. कंपन्या ते वाक्य आपल्या सोयीने वाचतात. त्या दावा नाकारत नाहीत, नुसता उघडा ठेवतात, किंवा काही स्मरणपत्रे पाठवून ‘कागद न मिळाल्याने फाइल बंद’ असे कळवतात. नकार नाही म्हणून परिपत्रकाचा भंग नाही, आणि पैसेही नाहीत. निर्णयासाठी मुदती आहेत, पण व्यवहारात कंपनीची मुदत शेवटचा कागद हाती आल्यापासून मोजली जाते. तो शेवटचा कागद न्यायालयाच्या नकल विभागातून यायचा असेल, तर मुदत सुरूच होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकारची अडवणूक २० मे २०२२ रोजी गुरमेल सिंग विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या निकालात चुकीची ठरवली आहे. तिथे ट्रक चोरीला गेला होता आणि कंपनीने नोंदणी प्रमाणपत्राची प्रमाणित दुय्यम प्रत मागितली होती. चोरीची सूचना आल्यामुळे आरटीओने त्या वाहनाच्या नोंदी संगणकावर बंद केल्या होत्या, म्हणून दुय्यम प्रत मिळत नव्हती. म्हणजे चोरी झाली म्हणून कागद मिळत नव्हता, आणि कागद नाही म्हणून चोरीचे पैसे मिळत नव्हते. न्यायालयाने म्हटले की विमाधारकाच्या आवाक्याबाहेरच्या कारणामुळे जो कागद तो देऊ शकत नाही, त्याच्यासाठी कंपनीने फार तांत्रिक होऊ नये, आणि १२ लाख रुपये व्याजासह द्यायला लावले. ट्रकमालक त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. साठ-सत्तर हजारांच्या दुचाकीसाठी तिथे कोण जाईल? विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, तो मार्ग चांगला आहे आणि आम्हीही तो धरणार आहोत. पण लोकपाल एका फाइलीचा निकाल देतो. सगळ्या फाइलींची पद्धत बदलणे आपल्याच हातात आहे.

भावाच्या दाव्याचा हिशेब मांडते, म्हणजे उशिराचा भार नेमका कुठे पडतो ते दिसेल. त्याच्या गाडीची कंपनीने धरलेली नवेपणाची किंमत ९५,००० रुपये. पॉलिसी सुरू होताना गाडी दोन वर्षांहून जुनी आणि तीन वर्षांच्या आतली होती, म्हणून ३० टक्के घसारा वजा करून आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यापुरती ठरलेली किंमत, ६६,५०० रुपये. त्यातून सक्तीची कपात १०० रुपये. देय रक्कम ६६,४००. चोरीच्या वेळी कर्जाची बाकी ४०,४०० रुपये होती, आणि आरसीवर बँकेचा बोजा असल्याने दाव्यातून आधी बँकेचे पैसे फिटतात. भावाच्या हाती आले असते २६,००० रुपये. दुसऱ्या गाडीच्या डाउन पेमेंटला ते पुरले असते.

आयडीव्ही पॉलिसीच्या सुरुवातीलाच ठरते, त्यामुळे दावा रखडल्याने ती कमी होत नाही, हे मी मान्य करते. पण महिना २,५०० रुपयांचा हप्ता थांबत नाही. वार्षिक १४ टक्के दराने सहा महिन्यांत १५,००० रुपये भरावे लागतात. त्यातले सुमारे १२,५०० मुद्दलात जातात आणि दावा मिळेल तेव्हा भावाच्या वाट्यात परत येतील. उरलेले सुमारे २,५०० व्याज. जी गाडी त्याच्याकडे नाही, तिच्यावरचे ते व्याज कोणी परत देणार नाही. खरा घाव त्याहून मोठा आहे. जुना हप्ता चालू असताना त्याला नव्या गाडीचे कर्ज परवडत नाही, आणि जुना हप्ता चुकवला तर त्याची नोंद क्रेडिट रिपोर्टवर बसते आणि नवे कर्जच मिळत नाही. रात्री अकराच्या पाळीला वसाहतीत जायला बस नसते. तो सहकाऱ्याच्या मागे बसून जातो, आणि सहकारी रजेवर असला की रिक्षाला पैसे मोजतो किंवा पाळी बुडवतो.

दुचाकी हरवणारे बहुतेक असेच असतात. म्हणून चारचाकीच्या दाव्यातल्या उशिरापेक्षा हा उशीर मला जास्त क्रूर वाटतो.

यावर उपाय असा आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १९३ नुसार पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवायची आहे, आणि ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही कळवता येते. हे पोलिसांचे कर्तव्य आधीच ठरलेले आहे. विमा कंपनीला पोलिसांकडून जो शब्द हवा आहे, तो याच पत्रात मिळू शकतो: गुन्हा रजिस्टर क्रमांक, वाहनाचा नोंदणी, इंजिन आणि चासी क्रमांक, आजपर्यंत वाहन मिळून आलेले नाही, आणि फिर्याद खोटी असल्याचे तपासात आजवर दिसलेले नाही. अशा पत्रामुळे समरीची जागा कोणी घेत नाही, तपास बंद होत नाही, न्यायालयाचा अधिकार कमी होत नाही. पोलीस आज काय जाणतात, तेवढेच ते सांगते.

म्हणून प्राधिकरणाने कंपन्यांना स्पष्ट निर्देश द्यावेत की दुचाकी चोरीच्या दाव्यात इन्व्हेस्टिगेटरचा तपास आणि कागदांची छाननी एफआयआरच्या आधारेच पूर्ण करावी. अनट्रेस रिपोर्ट नाही म्हणून हे काम रोखू नये. छाननीअंती काही संशयास्पद आढळले नाही, तर एफआयआरपासून ९० दिवस झाल्यावर कलम १९३ च्या पत्रावर दावा मंजूर करावा. विमाधारकाकडून आधीसारखीच सब्रोगेशन, हमीपत्र आणि हस्तांतराचे फॉर्म घ्यावेत. पुढे ब समरी झाली तर रक्कम व्याजासह परत करण्याची अट हमीपत्रात घालावी. प्रामाणिक माणूस त्यावर बिनदिक्कत सही करेल. अ समरीची प्रत मिळाल्यावर ती नंतर जमा करण्याचे बंधनही घालावे.

९० दिवस हा आकडा मी विचार करून मांडते आहे. आठवड्याभरात पैसे द्या असे मी म्हणणार नाही. काही गाड्या पहिल्या काही आठवड्यांत सापडतात, बहुधा सुटे भाग काढलेल्या अवस्थेत, आणि मग दावा पूर्ण नुकसानीचा न राहता दुरुस्तीचा होतो. ती संधी कंपनीला मिळायला हवी. त्यानंतरची प्रतीक्षा मात्र विमाधारकाच्या खिशातून चालते, आणि ती किती लांबावी याला आज कोणतीही सीमा नाही.

पोलिसांनी दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी पत्रच दिले नाही तर? हा प्रश्न मलाही पडतो, कारण ठाण्यात आजही “असे पत्र देण्याची पद्धत नाही” असे ऐकायला मिळते. म्हणून प्रत गृहमंत्र्यांना पाठवते आहे. मा. गृहमंत्री महोदय, वाहनचोरीच्या गुन्ह्यात हे पत्र ठरावीक नमुन्यात, पोलीस ठाण्यांच्या सीसीटीएनएस या संगणक प्रणालीतूनच निघेल आणि फिर्यादीच्या मोबाईलवर जाईल, अशी व्यवस्था आपण करू शकता. गुन्ह्याची आणि वाहनाची माहिती तिथे आधीच भरलेली असते. दिल्ली पोलिसांनी २०१५ मध्ये वाहनचोरीची फिर्याद ऑनलाइन घेण्याची सोय केली आणि गाडी न सापडल्यास अनट्रेस अहवाल २१ दिवसांत देण्याचे ठरवले. महाराष्ट्राला तेवढ्या वेगाने समरी पाठवणे जमेल न जमेल, प्रगतीचे पत्र पाठवणे नक्की जमेल. आणि विमाधारकाने रीतसर अर्ज करूनही पत्र मिळाले नाही, तर त्या अर्जाची पोच आणि चोरीच्या वाहनांच्या ‘वाहन समन्वय’ या सरकारी प्रणालीवरील चोरीची नोंद कंपनीने पुरेशी मानावी. विमाधारक त्याहून जास्त काही करू शकत नाही.

शेवटची विनंती जून २०२४ च्या परिपत्रकाबद्दल. त्या यादीतल्या ‘अनट्रेस रिपोर्ट’ या शब्दांपुढे एक खुलासा जोडावा: अहवाल प्रलंबित असल्यास पोलिसांचे तपास-प्रगतीचे पत्र चालेल, आणि प्रलंबित अहवालाच्या कारणाने फाइल बंद करणे हे दावा नाकारणेच मानले जाईल. हा खुलासा झाला की कंपनीची मुदत सुरू होईल आणि ती चुकवल्यास तिला व्याजासह उत्तर द्यावे लागेल. ज्या फाइली याच कारणाने आज बंद पडल्या आहेत, त्या विमाधारकाच्या नव्या अर्जाविना पुन्हा उघडण्याचा आदेशही सोबतच द्यावा.

आपली विश्वासू,
एका दुचाकी विमाधारकाची बहीण
पुणे जिल्हा